सहाही आकडे पास, तरी थर नापास

महामार्गाचा भराव थराथराने चढतो. रोलर फिरून गेला की थरात छोटा खड्डा खणतात. निघालेली माती तोलतात आणि मोजलेली कोरडी वाळू ओतून खड्ड्याचे आकारमान काढतात. ओलावा वजा केला की मातीची कोरडी घनता मिळते. ती प्रयोगशाळेतल्या प्रॉक्टर चाचणीतून आलेल्या कमाल कोरड्या घनतेशी ताडून टक्केवारी मांडतात. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या विनिर्देशानुसार सर्वसाधारण मातीच्या भरावाला किमान ९५ टक्के लागतात.

समजा, एका थराच्या सहा चाचण्या आल्या: ९५.१, ९५.२, ९५.३, ९५.४, ९८.८ आणि ९९.२. सगळे आकडे ९५ च्या वर, सरासरी ९६.५. अहवालात प्रत्येक ओळीपुढे ‘समाधानकारक’ लिहून मोकळे होण्याचा मोह इथेच होतो. पण नियम एकेका आकड्यावर निकाल देऊ देत नाही, तो संपूर्ण संचाकडे पाहतो. १.६५ ला चाचण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचे, तो भागाकार १.६५ मधून वजा करायचा आणि उरलेल्याला प्रमाण विचलनाने गुणायचे. हा गुणाकार ९५ मध्ये मिळवला की सरासरीने गाठायची पातळी मिळते. सहा चाचण्यांसाठी गुणक सुमारे ०.९८ येतो. आपल्या संचाचे प्रमाण विचलन १.९४ आहे, म्हणजे सरासरी किमान ९६.९ हवी. ९६.५ अपुरी पडते. थर नापास.

आता दुसरा थर पाहा: ९४.८, ९६.२, ९५.९, ९६.०, ९५.७, ९६.२. एक आकडा ९५ च्या खाली, सरासरीही कमी, ९५.८. पण विचलन फक्त ०.५३, म्हणून ९५.५ पुरेसे होते आणि हा थर पास होतो.

मला हा नियम अतिशय न्याय्य वाटतो. सहा खड्डे म्हणजे थराचा नगण्य भाग. आकडे विखुरलेले असतील, तर न खणलेल्या जागी घनता ९५ च्या बरीच खाली असण्याची शक्यता वाढते, आणि पुढे भराव खचतो तो तिथेच.

म्हणून अहवालात आकड्याशेजारी साखळी अंतर आणि मध्यरेषेपासूनचे अंतर हवेच. पहिल्या थरातले चारही कमी आकडे कडेचे निघाले, तर कारण उघड आहे: भरावाच्या कडेला चालक रोलर जपून नेतो आणि तिथल्या फेऱ्या कमी पडतात. कमी आकडे सर्वत्र पसरलेले असतील, तर आधी ओलाव्याचा रकाना पाहावा. टक्केवारी १०० च्या बरीच वर गेली, तर आनंद मानू नये. बहुधा मुरूम दुसऱ्या खाणीतून आला आहे आणि भागाकार जुन्याच प्रॉक्टरने चालला आहे. कधी खड्ड्यातल्या मोठ्या दगडांनीही आकडा फुगतो, कारण प्रयोगशाळेच्या छोट्या साच्यात ते घालत नाहीत.

पहिल्या थराच्या निष्कर्षात ‘कडेच्या पट्ट्यात पुन्हा दबाई, नंतर यादृच्छिक जागी नवा संच’ एवढे स्पष्ट लिहावे. जुन्या संचातले चार कमी आकडे काढून तिथे नवे बसवू नयेत. तसे केले तर विचलन कागदावरच घटते.