वर्कशॉप छान झालं, पण हात कितींनी धुतले?

प्रशिक्षण संपत आलं की चहाच्या आधी एक फॉर्म हातात पडतो. विषय उपयुक्त वाटला का, वक्ते कसे होते, हॉल आणि जेवण ठीक होतं का. सगळ्यांना घरी जायची घाई असते, त्यामुळे भराभर ‘उत्तम’वर खुणा होतात आणि अहवालात ‘कार्यशाळा यशस्वी’ असं लिहिलं जातं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये या समाधानाला पुढचे प्रश्न जोडले. लोकांना प्रशिक्षण आवडलं का, ते काही शिकले का, कामावर परतल्यावर त्यांचं वागणं बदललं का, आणि त्यातून संस्थेचं काही भलं झालं का? या चार पातळ्या आज जगभर वापरल्या जातात. वापरल्या जातात म्हणजे बहुधा पहिली. फार तर दुसरी.

रुग्णालयातल्या हातांच्या स्वच्छतेचं प्रशिक्षण घेऊ. पहिल्या पातळीवर फॉर्म असू द्यावा, पण त्यात एक प्रश्न हवा: ‘तुमच्या वॉर्डात हे करणं कुठे अडेल?’ ‘सिंक लांब आहे’, ‘हँडरबची बाटली रिकामीच असते’ अशी उत्तरं आली, तर ती ‘उत्तम’च्या शंभर खुणांपेक्षा मोलाची.

दुसऱ्या पातळीवर तीच प्रश्नपत्रिका कार्यशाळेच्या आधी आणि नंतर द्यायची. नाहीतर सिस्टरना जे आधीपासून येतं, त्याचंही श्रेय प्रशिक्षणाला मिळतं. कौशल्य मात्र कागदावर कळत नाही. त्यासाठी चमकणारा रंग मिसळलेलं हँडरब चोळायला देतात आणि हात अतिनील दिव्याखाली धरतात. अंगठा किंवा बोटांची टोकं काळी राहिली, की चूक ज्याची त्याला दिसते.

खरी अडचण तिसऱ्या पातळीवर येते. जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे पाच क्षण ठरवले आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक प्रक्रियेआधी, शरीरातल्या द्रवांशी संपर्काचा धोका आल्यावर, रुग्णाला हात लावल्यावर आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. निरीक्षक वॉर्डात साधारण वीस मिनिटं उभा राहतो आणि असे किती प्रसंग आले, त्यांपैकी कितींत हात स्वच्छ झाले, ते टिपतो. समजा, अनेक फेऱ्यांत मिळून २०० प्रसंग दिसले आणि ९० वेळा हात स्वच्छ झाले, तर पालन ४५ टक्के. ही नोंद कार्यशाळेच्या आधीही हवी. तुलनेला काही नसेल, तर नंतरच्या आकड्याला अर्थ नाही. नंतर महिन्याने मोजायचं आणि सहा महिन्यांनी पुन्हा, कारण पहिल्या महिन्यातला उत्साह ओसरल्यावर उरतं ते खरं वागणं.

यात एक फसगत आहे. कुणी बघतंय म्हटलं की हात आपोआप बाटलीकडे जातात. म्हणून निरीक्षणाच्या जोडीला वॉर्डात किती हँडरब खपलं, तेही पाहतात. निरीक्षकाच्या वहीत पालन वाढलेलं आणि खप तेवढाच, तर वहीवर शंका घ्यावी. शिवाय एकूण टक्केवारीत थांबू नये. रुग्णाला हात लावल्यानंतरची स्वच्छता बहुधा आधीच्या स्वच्छतेपेक्षा जास्त दिसते, कारण माणूस आधी स्वतःला जपतो. रुग्णासाठी मात्र ‘आधी’चाच क्षण मोलाचा.

जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात दिदिए पितेत आणि सहकाऱ्यांनी हे मोजमाप चिकाटीने केलं. पालन १९९४ मध्ये ४८ टक्के होतं, ते १९९७ मध्ये ६६ टक्के झालं. साबणाने हात धुणं जवळपास तेवढंच राहिलं; वाढला तो खाटेजवळ ठेवलेल्या हँडरबचा वापर. यातलं कारण साधं आहे. सिंकपर्यंत जाऊन हात धुवायला मिनिटभर किंवा जास्त लागतं, हँडरबला वीस-तीस सेकंद. म्हणजे वागणं बदलायला व्याख्यानाइतकीच बाटलीची जागाही कारणीभूत. परिचारिका आणि त्यांचे मदतनीस सुधारले, डॉक्टरांचं पालन मात्र कमीच राहिलं. माहितीअभावी हे घडलं असं कोण म्हणेल? तिसऱ्या पातळीवर आकडा हलला नाही की लोक लगेच आणखी एक कार्यशाळा ठरवतात. पण आधी दुसरी पातळी पाहावी. तिथे गुण चांगले असतील, तर अडचण बाटलीत, कामाच्या बोजात किंवा वरिष्ठांच्या उदाहरणात असते. पुन्हा शिकवून ती सुटत नाही.

चौथ्या पातळीवर जिनिव्हात रुग्णालयात जडलेल्या संसर्गांचं प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.९ वर आलं. आकडा मोठा आहे, तरी त्याच काळात रुग्णालयात इतरही बदल होत होते आणि तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय हातांना देता येत नाही. आपल्याकडच्या एखाद्या रुग्णालयाला यावर स्वस्त उपाय आहे. सगळ्या वॉर्डांना एकाच आठवड्यात शिकवू नये. अर्ध्यांना आता, उरलेल्यांना तीन महिन्यांनी शिकवावं आणि मधल्या काळात दोन्हीकडचं पालन आणि हँडरबचा खप सारखाच मोजावा.