लीख की कोंडा?

शाळकरी मुलीच्या कानामागच्या केसांचा जवळून फोटो काढा आणि मोठा करून बघा. कोंड्याची खपली चपटी, वेडीवाकडी दिसते. ती केसांत नुसती अडकलेली असते, झटकली की पडते. लीख जेमतेम मिलिमीटरभर, लांबट असते आणि केसाच्या एका बाजूला तिरकी चिकटलेली दिसते. चिमटीत धरून ओढली तरी सहज सरकत नाही, कारण ऊ अंडं घालताना डिंकासारखा स्राव सोडते.

आता टाळूपासूनचं अंतर पाहा. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. लीख मात्र आठ-दहा दिवसांत फुटते. म्हणून २ सेंटिमीटरवरची पांढरी लीख बहुधा रिकामं टरफल असते. औषध लावण्याआधी ओल्या केसांतून बारीक फणी फिरवून जिवंत ऊ सापडते का, ते बघा.