‘प्रोग्रॅमिंग येत नाही’ असं लिहिणारा उमेदवार

पुण्याजवळच्या चाकणमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. तिथे भरतीचं काम पाहणाऱ्या बाईंनी एका उमेदवाराला नकाराचा ठरीव मेल पाठवला. ‘आपल्या अर्जाबद्दल आभारी आहोत, पण यावेळी आपली निवड होऊ शकली नाही.’ पुढे-मागे दोन ओळी, बस्स. अशा मेलला बहुतेक जण उत्तर देत नाहीत. जे देतात त्यांचा मजकूरही जवळजवळ ठरीवच असतो: मॅडम, कृपया पुन्हा विचार करावा, मला नोकरीची फार गरज आहे. त्यावर काही करता येत नाही, कारण उमेदवाराबद्दल आधी ठाऊक नव्हतं असं त्यात काहीच नसतं. या मुलाचा मेल मात्र बाईंनी दोनदा वाचला.

जागा होती क्वालिटी इंजिनिअरची. जाहिरातीत ‘सीएमएम प्रोग्रॅमिंग आवश्यक’ असं लिहिलेलं होतं. सीएमएम म्हणजे मापं घेणारं यंत्र. त्याच्या बारीक काडीचं टोक भागाला जागोजागी टेकतं, आणि भोकं, सपाट बाजू, त्यांची एकमेकांपासूनची अंतरं नेमकी किती हे संगणक सांगतो. ते चालवणं वेगळं आणि त्याचा प्रोग्रॅम लिहिणं वेगळं. चालवणारा भाग जागेवर बसवतो, तयार प्रोग्रॅम सुरू करतो, रिपोर्ट काढतो. लिहिणारा ड्रॉइंग वाचून टोक कुठून कुठे जाईल, कोणत्या बाजूला आधार धरायचं, हे ठरवतो. या मुलाने बायोडेटात ‘सीएमएम प्रोग्रॅमिंग’ लिहिलं होतं. मुलाखतीत पहिला प्रश्न सोपा होता, भाग जागेवर कसा बांधशील? सपाटीसाठी तीन बिंदू, कडेसाठी दोन, शेवटचा एक, हे त्याने नीट सांगितलं. मग समोर ड्रॉइंग ठेवून वर्तुळावरच्या सहा भोकांची जागा तपासायचा प्रोग्रॅम कसा लिहिशील असं विचारलं, आणि तो अडकला. क्वालिटीच्या मॅनेजरांनी कागदावर लिहिलं, ‘बायोडेटा फुगवलेला आहे.’ भरतीच्या जगात हा शेरा ‘अनुभव कमी’पेक्षा फार वाईट. अनुभव कमी असलेल्याला पुढच्या वेळी बोलावतात. फुगवणाऱ्याचं नाव लक्षात ठेवतात.

मेल साध्या इंग्रजीत होता. त्याचा आशय असा: ‘मला प्रोग्रॅमिंग येत नाही, मी फक्त यंत्र चालवतो. प्रोग्रॅमिंग हा शब्द मी मुद्दाम घातला, कारण त्याच्याशिवाय माझा बायोडेटा कोणाच्या शोधात येतच नव्हता. तुम्ही नाकारलंत ते बरोबरच आहे. मात्र सध्याच्या कंपनीत ग्राहकांच्या तक्रारींवरचे एट-डी रिपोर्ट मी स्वतः लिहितो, आणि गेज आर अँड आरचा अभ्यास मी स्वतः करतो. मुलाखतीत त्याबद्दल विचारणा झाली नाही. पुढे अशी जागा निघाली तर त्यावर माझी परीक्षा घ्यावी.’

‘शोधात येतच नव्हता’ या शब्दांवर बाई थबकल्या. त्यांनाही ते माहीत होतंच. नोकरी डॉट कॉमसारख्या संकेतस्थळांवर भरती करणारी माणसं बायोडेटे एकेक करून वाचत नाहीत, ती शब्द टाकून शोधतात. तो शब्द बायोडेटात नसेल तर माणूस यादीत दिसत नाही. मग ओळखीचे लोक सल्ला देतात, घाल रे, कोण बघतंय. खोटं ते खोटंच, पण ते लिहायला भाग पाडणाऱ्या चाळणीत जाहिरात लिहिणाऱ्याचाही हात असतो, असं मला वाटतं.

बाईंनी आधी मॅनेजरांना मुलाबद्दल विचारलंच नाही. विचारलं ते जागेबद्दल: ‘सर, नवीन माणूस प्रोग्रॅम लिहिणार आहे का?’ उत्तर आलं, नाही. प्रोग्रॅम लिहायला स्टँडर्ड रूममध्ये दोघे आहेत. नवीन माणूस ग्राहकांच्या तक्रारी पाहणार. मग ती अट आली कुठून? जाहिरातीचा मसुदा आधीच्या एका भरतीचा होता. नाव आणि तारीख बदलून तोच पुन्हा वापरला गेला, आणि ‘आवश्यक’ हा शब्द तसाच राहिला. जो कामाला लागणारच नव्हता त्या प्रश्नावर एक माणूस नापास झाला होता.

मॅनेजर लगेच वळले नाहीत. त्यांचं म्हणणं होतं, एकदा खोटं लिहिणारा रिपोर्टातही खोटं लिहील. क्वालिटीच्या खात्यात ही शंका रास्त आहे, कारण तिथे आकडा ‘जुळवून’ देणारा माणूस कंपनीला महागात पडतो. बाईंचं उत्तर असं की, त्याने दावा केलेली दोन्ही कामं अर्ध्या तासात तपासता येतात. तपासू या.

आणखी एक गोष्ट त्याच्या बाजूने होती, आणि तिच्यात त्याचं कर्तृत्व काही नाही. जागा अजून रिकामी होती. पहिल्या पसंतीचा उमेदवार ऑफर घेऊन बसला होता, नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडवर. शेवटी त्याच्या जुन्या कंपनीने पगार वाढवला आणि त्याने येत नसल्याचं कळवलं. तो आला असता तर हा मेल कितीही प्रामाणिक असला तरी फाइलीतच राहिला असता.

दुसऱ्या मुलाखतीत ड्रॉइंग नव्हतं. मॅनेजरांनी बोअर गेजच्या अभ्यासाचा एक जुना कागद त्याच्यापुढे ठेवला. बोअर गेजने भोकाचा आतला व्यास मोजतात. दहा भाग, तीन ऑपरेटर, प्रत्येकाने प्रत्येक भाग तीनदा मोजलेला, म्हणजे नव्वद आकडे. मापांमधल्या फरकात मापण्याच्या पद्धतीचाच वाटा किती, हे त्यातून काढतात. दहा टक्क्यांच्या आत असेल तर उत्तम, तिसाच्या वर असेल तर ती मापनपद्धत चालत नाही. या कागदावर चौतीस टक्के होते. ‘काय करशील? नवीन गेज मागवशील?’

मुलगा थोडा वेळ आकडे पाहत राहिला. मग म्हणाला, एकाच ऑपरेटरची तिन्ही मापं एकमेकांच्या जवळ आहेत, म्हणजे गेजचा दोष दिसत नाही. फरक ऑपरेटर-ऑपरेटरमध्ये आहे. बोअर गेज भोकात घालून हलकेच झुलवावा लागतो आणि काटा जिथून परत फिरतो ते सर्वांत कमी माप घ्यायचं असतं. कोणीतरी न झुलवता वाचत असेल. आधी तिघांना मोजताना बघेन, शिकवेन आणि अभ्यास पुन्हा करेन. नवीन गेज आणला तरी तेच हात तो धरणार.

मॅनेजरांनी एट-डीचा कागद काढला. तक्रारीचं मूळ शोधून आठ टप्प्यांत तिचा निकाल लावायची ही पद्धत फोर्डने 1980च्या दशकात रूढ केली. रिपोर्टात ‘मूळ कारण: ऑपरेटरचं दुर्लक्ष’ असं लिहिलं होतं. मुलाने तिथेच बोट ठेवलं. हे कारण नाही, म्हणाला, दुर्लक्ष झालं तरी चुकीचा भाग पुढे कसा गेला ते यात कुठे आहे?

नकार उलटवायला बाईंना सिस्टीममधला शेरा बदलावा लागला आणि मॅनेजरांची लेखी संमती जोडावी लागली. पडताळणीत पीएफच्या नोंदींवरच्या नोकरीच्या तारखा बायोडेटाशी जुळल्या. बायोडेटा त्याच्याकडून नव्याने मागवला, त्यात ‘सीएमएम ऑपरेशन’ होतं. पगार त्याने आधी मागितला त्याहून थोडा कमी ठरला. प्रोग्रॅमिंगच्या नावावर त्याने जो आकडा सांगितला होता तो देणं शक्य नव्हतं, आणि त्यानेही त्यावर घासाघीस केली नाही.

जाहिरातीच्या मसुद्यातून ती ओळ बाईंनी काढून टाकली. त्यानंतर याच जागेसाठी आलेले जुने अर्ज पुन्हा उघडले. केवळ प्रोग्रॅमिंग येत नाही म्हणून बाद झालेले आणखी तिघे निघाले. त्यांनी बायोडेटात खरं तेच लिहिलं होतं, त्यामुळे ते मुलाखतीपर्यंतही पोचले नव्हते. दोघांना दरम्यान दुसरीकडे नोकरी लागली होती. तिसऱ्याला त्यांनी तक्रार विभागात पुढे निघणाऱ्या जागेसाठी बोलावलं आहे.