चमचाभर जवस, तांब्याभर पाणी

निफाडची थंडी महाराष्ट्राला वर्तमानपत्रांतून माहीत असते. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर नोंदलेला नीचांकी पारा छापून येतो आणि त्याच पानावर द्राक्षबागेत पेटवलेल्या शेकोट्यांचे छायाचित्र असते. त्या थंडीचा एक परिणाम मात्र छापून येत नाही. घरातली वडीलधारी माणसे पाणी प्यायची विसरतात. तहान लागत नाही, गार पाण्याने दात शिवशिवतात आणि रात्री उठावे लागेल म्हणून संध्याकाळनंतर तांब्याला हातही लावायचा नाही, असा त्यांचा बेत असतो. बागेत छाटणीला, डिपिंगला जाणाऱ्या बायांची गोष्ट आणखी वेगळी. दिवसभर आडोसा मिळत नाही, म्हणून त्या मुद्दामच पाणी पीत नाहीत. मग महिन्याभरात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते, आणि ती चारचौघांत बोलायची नसल्यामुळे त्यावरचे उपायही कानोकानीच पसरतात.

आमच्या आत्या निफाडच्याच. वय सत्तरीपुढचे, पाय दुखतात म्हणून चालणे कमी, दातांमुळे कच्ची काकडी-गाजर बंद. चार-चार दिवस पोट साफ होईना. शेजारणीने जवस सांगितला. जवस तर घरात होताच, चटणीसाठी आणलेला. आत्यांनी सकाळी दोन मोठे चमचे कोरडे जवस तोंडात टाकले, कसेबसे चावले आणि वर अर्धा कप चहा घेतला. चौथ्या दिवशी पोट ढोलासारखे तट्ट फुगले, भूक गेली आणि शौचाला होण्याऐवजी होते तेही थांबले. "तुमचा तो जवस काही कामाचा नाही बाई," असे त्यांनी शेजारणीला ऐकवले. जवसाने आपले काम चोख केले होते. त्याला पाणी तेवढे मिळाले नव्हते.

हे का झाले, ते घरच्या भांड्यातच पाहता येते. एका वाटीत चमचाभर जवस घ्या, त्यावर कोमट पाणी ओता आणि तासाभराने बोट घालून बघा. पाणी बुळबुळीत, भेंडीच्या चिकासारखे झालेले असते. जवसाच्या तपकिरी टरफलात एक चिकट द्रव्य असते, पाणी लागले की ते फुगून बाहेर येते आणि पाणी धरून ठेवते. चियाचे त्याहून पुढचे. चियाचा दाणा आपल्या वजनाच्या दहा-बारा पट पाणी शोषतो आणि प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक थर तयार होतो. इसबगोल ज्यांनी घेतला आहे त्यांना हा प्रकार नवीन नाही.

आता आतड्यात काय घडते ते पाहू. मोठ्या आतड्याचे एक कामच मुळी पाणी शोषून घेण्याचे आहे. अन्नाचा उरलेला भाग तिथे येतो तेव्हा पातळ असतो. तो पुढे सरकताना शरीर त्यातले पाणी परत घेते. मल तिथे जास्त वेळ रेंगाळला, किंवा शरीरातच पाण्याची ओढ असली, की तो कोरडा होत होत शेळीच्या लेंड्यांसारखा खडा बनतो. जवसाचा चिकटा हे पाणी सहजासहजी सोडत नाही, त्यामुळे मल मऊ राहतो. शिवाय न पचणाऱ्या तंतूंमुळे त्याचा आकार वाढतो, आतड्याची भिंत किंचित ताणली जाते आणि त्या ताणामुळेच आतडे आकुंचन पावून त्याला पुढे ढकलते. म्हणजे सगळी मदार पाण्यावर. चिकट्याला धरायला पाणीच मिळाले नाही, तर तो घट्ट गोळा होऊन बसतो. आधीच अडलेल्या रस्त्यात आपण आणखी एक बैलगाडी उभी केली, असे होते.

आत्यांचा हिशेब मांडून बघा. दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे वीस ग्रॅम जवस. युरोपातल्या औषधविषयक मार्गदर्शनात दहा ग्रॅम जवसामागे निदान दीडशे मिलिलिटर पाणी सांगितले आहे, म्हणजे आत्यांना त्या एका वेळेलाच तीनशे मिलिलिटर, मोठा दीड पेला पाणी हवे होते. त्यांनी घेतला अर्धा कप चहा, आणि दिवसभरात आणखी दोन कप चहा नि अर्धा तांब्या पाणी. शिवाय पहिल्याच दिवशी एवढी मोठी मात्रा. आतड्यातल्या जिवाणूंना असा तंतुमय खुराक एकदम मिळाला की ते तो आंबवतात आणि वायू धरतो. आत्यांचे पोट फुगले ते त्यामुळेही.

पंधरा दिवसांनी, पोट एकदा डॉक्टरांकडून मोकळे करून घेतल्यावर, तोच जवस आम्ही वेगळ्या रीतीने सुरू केला. रात्री जेवणानंतर एक चहाचा चमचा, म्हणजे साधारण तीन ग्रॅम जवस निवडून, धुऊन, कपभर कोमट पाण्यात झाकून ठेवायचा. कोमट पाण्यात चिकटा लवकर सुटतो. सकाळी तो दाणे आणि बुळबुळीत पाणी यांसकट घ्यायचा. गाळून पाणी ओतून दिले तर निम्मा उपाय मोरीत गेला. वर लगेच एक पेला साधे किंवा कोमट पाणी. चार दिवस काही त्रास झाला नाही की दोन चमचे, आणि आठवडाभराने एक मोठा चमचा, म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास. मात्रा वाढली की कपातले आणि वरचे, दोन्ही पाणी वाढवायचे. आत्यांसाठी लिटरचा एक तांब्या वेगळा काढून ठेवला होता. सकाळी भरायचा आणि दुपारच्या झोपेआधी रिकामा झालेला दिसला पाहिजे, एवढीच अट. लघवी फिकट पिवळी झाली की पाणी पुरते आहे, गडद झाली की नाही, ही खूण आत्यांना लगेच पटली.

एक धीर मात्र धरावा लागतो. हा जुलाबाचा उपाय नाही. परिणाम सुरू व्हायला बारा ते चोवीस तास आणि पूर्ण दिसायला दोन-तीन दिवस लागतात. पहिल्या सकाळी काही झाले नाही म्हणून दुपारी आणखी दोन चमचे, ही घाई सगळ्यात वाईट.

ज्यांना बुळबुळीत घोट घशाखाली उतरत नाही, त्यांनी जवस मंद आचेवर भाजून जाडसर कुटावा आणि पेलाभर ताकात किंवा पातळ भाजीत चमचाभर मिसळावा. कुटलेला जवस आठवड्यापुरताच करावा आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावा. त्यातले तेल हवा लागून लवकर खवट होते. चटणी-भाकरीतला जवसही उपयोगी आहेच, पण चटणीवर कोणी पेलाभर पाणी पीत नाही, हे लक्षात ठेवावे. अखंड दाणे आतड्यातून तसेच बाहेर पडलेले दिसले तर घाबरू नये. पोटासाठी त्यांचा चिकटा कामी आलेला असतो. आणि शेतकरी घरांना एक विनंती: पेरणीसाठी आणलेल्या बियाण्याच्या पिशवीतला जवस खाऊ नका. त्याला औषध चोळलेले असते.

चिया आपल्याकडे अलीकडचा. मूळचा मेक्सिको-ग्वाटेमालाकडचा, तुळशीच्याच कुळातला. म्हणूनच अनेक जण त्याला सब्जा समजतात. फालुद्यातला सब्जा एकसारखा काळा असतो आणि पाण्यात पडताच काही मिनिटांत फुगतो. चियाचे दाणे करडे, काळे, पांढरे असे चट्ट्यापट्ट्यांचे असतात आणि ते सावकाश फुगतात. पोटाला दोन्ही चालतात, पण सब्जाच्या वेळेचा अंदाज चियाला लावला की चूक होते. एक चहाचा चमचा चिया कपभर पाण्यात टाकून लगेच ढवळावा, पाच मिनिटांनी पुन्हा ढवळावा, नाहीतर त्याच्या गुठळ्या होतात आणि गुठळीच्या पोटात दाणे कोरडेच राहतात. किमान अर्धा तास ठेवावा. चमच्यावर घेतल्यावर प्रत्येक दाणा वेगळा, काचेसारख्या वेष्टनात दिसला की तो तयार. उन्हाळ्यात भिजवलेला चिया किंवा जवस रात्रभर ठेवायचा तर फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्या दिवसापलीकडे नाही.

चिया कोरडा का घेऊ नये, याचा दाखला अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2014 साली पोटविकार तज्ज्ञांच्या परिषदेत मांडला. एकोणचाळीस वर्षांच्या एका गृहस्थाने चमचाभर कोरडा चिया गिळला आणि वर पेलाभर पाणी प्याला. पाणी प्याला होता, हे महत्त्वाचे. पण दाणे अन्ननलिकेतच फुगले आणि तिथे घट्ट लगद्याचे बूच बसले. त्याला पाण्याचा घोटही गिळता येईना. शेवटी दुर्बिणीची बारीक नळी घालून तो लगदा थोडाथोडा पोटात ढकलावा लागला. त्याला आधीपासून अधूनमधून घास अडकण्याचा त्रास होता. म्हणून ज्यांना गिळताना अडकते, पक्षाघातानंतर ज्यांना ठसका लागतो, त्यांनी हे दाणे भिजवलेलेही डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. दाणे छातीत अडकल्यासारखे वाटले तर वरून पाणी ओतत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा.

हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिले आहे, त्यांच्यासाठी हा उपाय नाही. जितके पाणी लागते तितके त्यांना चालत नाही आणि कमी पाण्यात तो उलटतो. पोट दुखते आहे, उलटी होते आहे, वायूही सरत नाही, अशा वेळी जवस, चिया, इसबगोल काहीच देऊ नये. तिथे रस्ताच बंद असू शकतो. शौचात रक्त दिसले, वजन उतरू लागले किंवा वर्षानुवर्षांची सवय अचानक बदलून दोन आठवडे तशीच राहिली, तर घरगुती उपायात दिवस घालवू नयेत.

आत्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट नंतर ध्यानात आली. त्या रक्तदाबाची गोळी जवसाच्याच पाण्याबरोबर घेत होत्या. चिकट्यात गुरफटलेले औषध अंगी लागायला उशीर होऊ शकतो, म्हणून गोळी आणि जवस यांत तासाभराचे तरी अंतर ठेवावे. मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांच्या कानावर घालावे. आता आत्यांची गोळी सकाळी सातला आणि जवस साडेआठला असतो. झोपताना घ्यायचा आग्रह त्यांनी एकदा केला होता, पण घेऊन लगेच आडवे व्हायचे आणि वर पाणी नको म्हणायचे, हे जमणार नाही असे सांगितल्यावर ऐकले. शेजारणीशी मात्र त्यांनी अजून माघार घेतलेली नाही. "जवस तुझा, पण पाणी माझ्या भाच्याचं," असे म्हणतात.