नाव बोलते, आकडा ऐकतो

मोबाइलमधले संदेश उघडले की पाठवणाऱ्याच्या जागी तीन प्रकारचे पत्ते दिसतात. नातेवाइकांचे दहा आकडी क्रमांक, १९०९ किंवा १३९ असे छोटे क्रमांक आणि VZ-, JM- अशी दोन अक्षरे पुढे लावलेली व्यवसायांची नावे. पहिल्या दोघांना उत्तर देता येते, तिसऱ्याला येत नाही. नावाकडून आलेल्या संदेशाला कुणी ‘हो, येतो’ असे लिहिले, तर ते उत्तर कुठेच पोहोचत नाही. याचे कारण संदेशाच्या घडणीत आहे.

जीएसएमच्या मानकात पाठवणाऱ्याच्या पत्त्यासाठी दहा बाइट जागा ठेवलेली आहे. एका बाइटमध्ये दोन आकडे बसतात, म्हणून तिथे वीस आकडे मावतात. आकड्यांऐवजी अक्षरे घालायची तर प्रत्येकाला सात बिट लागतात, म्हणून त्याच ऐंशी बिटांत अकराच अक्षरे बसतात. ‘हा क्रमांक नाही, मजकूर आहे’ अशी खूणही पत्त्यासोबत जाते. ग्राहक कुठे आहे हे नेटवर्क क्रमांकावरून शोधते. अक्षरांच्या मागे क्रमांकच नसतो, त्यामुळे उत्तराला जाण्यासाठी वाट उरत नाही. ब्रिटनमध्ये अकरा अक्षरांपर्यंतचे नाव चालते. भारतात ते सहा अक्षरांचे असते. त्याच्या पुढची दोन अक्षरे कंपनी आणि परिमंडळ सांगतात: V म्हणजे व्होडाफोन आयडिया, J म्हणजे जिओ, Z म्हणजे महाराष्ट्र व गोवा, M म्हणजे मुंबई. ही अक्षरे संदेश कुठून निघाला ते सांगतात, तो कुणाकडे आला ते नाही. नियमांतल्या २०२५च्या दुरुस्तीनंतर शेवटी P, S, T किंवा G हे अक्षरही लागते: जाहिरात, सेवा, व्यवहार आणि सरकारी.

अमेरिकेत याच्या उलट आहे. तिथे अक्षरी नाव चालतच नाही. न्यू जर्सीत राहणाऱ्या बहिणीला दंतवैद्याकडून येणारी आठवण दहा आकडी नोंदणीकृत क्रमांकावरून येते आणि त्याच क्रमांकावर ती उत्तर देते. तिथे बोलणारा आणि ऐकणारा पत्ता एकच आहे. भारताने हे दोन पत्ते वेगळे केले. व्यवसायाला बोलण्यासाठी नाव मिळते, ऐकण्यासाठी मात्र त्याला स्वतः सोय करावी लागते. ही सोय कशी करतात ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा, साताऱ्यातल्या ‘दृष्टी’ नावाच्या नेत्रचिकित्सालयाला उद्याच्या चाळीस रुग्णांना आठवण करायची आहे आणि कोण येणार तेही विचारायचे आहे. स्वागतिकेने स्वतःच्या मोबाइलवरून चाळीस संदेश पाठवले तर उत्तरे लगेच येतील. पण व्यावसायिक संदेश साध्या क्रमांकावरून पाठवणे नियमाबाहेरचे आहे. तक्रारी ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्या तर पहिल्या वेळी त्या क्रमांकाच्या बाहेर जाणाऱ्या सेवा पंधरा दिवस बंद होतात आणि पुन्हा तसे घडल्यास वर्षभरासाठी जोडणीच तुटते. म्हणून संदेश DRSHTI अशा नोंदवलेल्या नावानेच पाठवायला हवा आणि उत्तरासाठी मजकुरात वेगळा क्रमांक द्यायला हवा.

तो क्रमांक छोटा असावा की लांब? छोटा क्रमांक लक्षात राहतो, पण प्रत्येक मोबाइल कंपनीकडे तो स्वतंत्रपणे सुरू करून घ्यावा लागतो, तो सहसा देशाबाहेर चालत नाही आणि त्यावर जादा दर लागू शकतो. दूरचित्रवाणीवरच्या एका प्रश्नमंजूषेत प्रेक्षकांना संदेशामागे २.४० रुपये पडत होते आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. लांब क्रमांक भाड्याने घेता येतो आणि त्यावर संदेश पाठवायला नेहमीचाच दर लागतो. भविष्य निर्वाह निधी संघटनेनेही हाच मार्ग घेतला आहे. ७७३८२९९८९९ या दहा आकडी क्रमांकावर EPFOHO UAN MAR असे पाठवले की मराठीत माहिती येते. चाळीस रुग्णांच्या दवाखान्यासाठीही लांब क्रमांकच योग्य. एक सावधगिरी मात्र हवी. जाहिराती बऱ्याचदा सहा आकडी नावाने येतात. ते नाव छोट्या क्रमांकासारखे दिसते, पण त्यालाही उत्तर पोहोचत नाही.

आता मजकूर. देवनागरी संदेशाच्या एका भागात ७० चिन्हे बसतात, रोमन अक्षरांच्या संदेशात १६०. मजकूर त्याहून लांबला की प्रत्येक भागात देवनागरीची ६७च मावतात. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात, त्यामुळे ‘दृष्टी’ हा दोन अक्षरांचा शब्द सहा चिन्हांचा होतो. पहिला मसुदा असा होता:

```
उद्या 10:30 ला डोळे तपासणी. येणार असल्यास HO असे 98XXXXXXXX वर पाठवा. -दृष्टी
```

ही ७७ चिन्हे झाली, म्हणजे दोन भाग आणि दुप्पट खर्च. सुधारलेला मसुदा:

```
दृष्टी: उद्या 10:30 ला डोळे तपासणी. येणार? HO27 98XXXXXXXX वर पाठवा.
```

ही ६८ चिन्हे. यातला २७ हा रुग्णाचा टोकन क्रमांक आहे आणि तो निव्वळ शोभेसाठी नाही. आजीच्या नावापुढे मुलाचा मोबाइल नोंदवलेला असतो आणि उत्तर सुनेच्या मोबाइलवरून येते. कधी एकाच मोबाइलवर घरातले दोन रुग्ण असतात. निव्वळ क्रमांकावरून जुळणी केली तर अशी उत्तरे निसटतात. ऐकणाऱ्या बाजूने ho27, HO 27, ‘हो’ अशी सगळी रूपे स्वीकारायला हवीत.

संदेश पोहोचण्याची खरी परीक्षा इथून सुरू होते. नाव आणि मजकुराचा साचा, दोन्ही आधी मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी या सामायिक नोंदवहीत मंजूर असावे लागतात. साच्यात फक्त वेळ आणि टोकनची जागा बदलती असते, बाकी मजकूर तंतोतंत जुळायला हवा. ८ मार्च २०२१ रोजी ही तपासणी सक्तीने सुरू झाली तेव्हा देशभर ओटीपी अडकले आणि दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती सात दिवस थांबवावी लागली. ऑक्टोबर २०२४पासून मजकुरातला दुवा किंवा उलट संपर्काचा क्रमांकही आधी नोंदवलेला लागतो. म्हणजे दृष्टीने भाड्याचा क्रमांक बदलला आणि नवा नोंदवला नाही, तर सगळ्या आठवणी एकदम बंद पडतील.

बिघाड कुठे आहे ते संदेशांच्या पोहोच-अहवालावरून कळते. चाळीसच्या चाळीस संदेश काही क्षणांत REJECTD झाले तर दोष साच्यात किंवा नोंदणीत आहे. एखादी जादा जागा, बदललेला शब्द, न नोंदवलेला क्रमांक. काही तासांनी तीन-चार EXPIRED दिसले तर ते मोबाइल बंद होते किंवा कक्षेबाहेर होते. सगळे DELIVRD असूनही एकही उत्तर आले नाही, तर शोध ऐकणाऱ्या बाजूला घ्यायचा. चारही कंपन्यांच्या सिमवरून त्या लांब क्रमांकावर स्वतः HO27 पाठवून पाहायचे.

तिथे सगळे ठीक असले तरी एक अडथळा उरतोच: रुग्णाच्या रिचार्जमध्ये संदेश पाठवण्याची सोय आहे का? स्वस्त पॅकमध्ये ती नसल्याने लोकांना क्रमांक पोर्ट करण्यासाठी १९०० वर साधा संदेशही पाठवता येईना. डिसेंबर २०२१मध्ये ट्रायने आदेश देऊन ती वाट सर्वांसाठी खुली केली. दवाखान्याच्या क्रमांकाला असे संरक्षण नाही. म्हणून भाड्याने घेतलेला क्रमांक कॉलही घेणारा असावा आणि साच्याच्या शेवटी ‘पाठवा’ ऐवजी ‘पाठवा/मिस्ड कॉल’ असे मंजूर करून घ्यावे. त्याने चिन्हे सत्तरच्या पुढे जातात आणि दुसऱ्या भागाचा खर्च येतो. मिस्ड कॉलसोबत टोकनही येत नाही, म्हणून तिथे जुळणी मोबाइल क्रमांकावरूनच करावी लागते. तरीही हा खर्च करावा असे माझे मत आहे, कारण ज्या आजीच्या मोबाइलमध्ये संदेशाचे पैसे नाहीत, तिची उद्याची तपासणी चुकण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते आणि तिचे उत्तर एका रिंगमध्ये मिळू शकते.