नवरदेवासाठी रसाचा पेला

मराठी लग्नात ‘टोस्ट’ नावाचा विधी नाही. गोव्यातल्या ख्रिस्ती लग्नात नवरदेवाच्या जवळचं कुणीतरी उठतं, चार शब्द बोलतं, पेला उंचावतं आणि सगळा हॉल त्याच्यासोबत घोट घेतो. विदर्भात त्या वेळी माइकवर मान्यवरांचे आशीर्वाद चालू असतात. पण पेले इथेही असतातच. ते हळदीच्या रात्री मांडवामागे, एखाद्या गाडीच्या डिकीत किंवा शेतातल्या खोलीवर भरले जातात, आणि तिथे नवरदेवाला हमखास आग्रह होतो, “घोटभर तरी घे, तुझंच लग्न आहे.”

दारू सोडून काही महिनेच झालेल्या तरुणासाठी हे वाक्य अवघड असतं. नाही म्हटलं तर मित्र नाराज होतात, हो म्हटलं तर सगळे महिने पणाला लागतात. अशा वेळी नवरदेवाचा जवळचा मित्र बरंच काही करू शकतो. चारचौघांत रसाचा पेला उचलून त्याने दोन मिनिटं भाषण केलं, तर मांडवामागच्या आग्रहाला परस्पर उत्तर मिळतं. मात्र त्या भाषणात काय असावं, काय नसावं आणि पेल्यात काय असावं, याचा आधी नीट विचार करावा लागतो.

समजा, मानोऱ्यात मार्गशीर्षातलं एक लग्न आहे. नवरदेव तिशीचा आहे. त्याची दारू सुटून सात महिने झाले आहेत आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने तो रोज सकाळी डायसल्फिरामची गोळी घेतो. आंबिया बहाराची संत्री बाजारात आहेत, म्हणून मित्रांनी रसाची सोय केली आहे. जेवणाची पहिली पंगत बसण्याआधी मित्र माइक हातात घेतो.

“मंडळी, नमस्कार. जेवणाला उशीर करत नाही, दोनच मिनिटं घेतो. नवरदेवाला मी पाचवीपासून ओळखतो. माझे वडील दवाखान्यात होते, तेव्हा आठ रात्री हा माझ्यासोबत बाहेरच्या बाकावर बसून होता. मागच्या सात महिन्यांत यानं एक अवघड काम रोज सकाळी उठून केलं, ते मी जवळून पाहिलं आहे. वहिनी, हाकेला धावून येणारा माणूस तुम्हाला मिळाला आहे. आज आम्हा सगळ्या मित्रांच्या हातात संत्र्याचा रस आहे आणि तुमच्याही हातात तोच आहे. पेले वर करा आणि दोघांना एकदा मोठ्यानं शुभेच्छा द्या.”

या भाषणात ‘दारू’ हा शब्द नाही. ज्यांना माहीत आहे, त्यांना ‘अवघड काम’ म्हणजे काय ते कळतं. ज्यांना माहीत नाही, त्यांना एका मेहनती माणसाचं कौतुक ऐकू येतं. आजाराची गोष्ट ज्याची त्याची असते, म्हणून मित्राने आठवडाभर आधी नवरदेवाला भाषण वाचून दाखवायला हवं आणि त्याने सांगितलेलं वाक्य गाळायला हवं. नवरदेव मोकळेपणाने उल्लेख कर म्हणाला, तर तसंही करता येईल. पण नवरी आणि तिच्या घरच्या वडीलधाऱ्यांना ही गोष्ट लग्न ठरतानाच नवरदेवाकडून कळलेली असली पाहिजे. माइकवरून ती पहिल्यांदा कळली, तर कौतुकाचं भाषण भांडणाचं कारण ठरेल.

जुन्या रात्रींचे किस्सेही या भाषणात नाहीत. मित्रांच्या भाषणात एरवी तेच जास्त असतात. कोण कुठे पडला, कुणी कुणाला घरी नेलं, यावर हशा पिकतो. दारू सोडलेल्या माणसाच्या मेंदूत मात्र त्या रात्री, ती माणसं, तो वास आणि दारू यांची पक्की सांगड बसलेली असते. त्यातलं एक समोर आलं की बाकीचं जागं होतं आणि ओढ लागते. शिवाय किस्से सांगताना मजा तेवढी आठवली जाते; उलट्या, उसनवारी आणि घरातलं रडणं गाळलं जातं.

‘आता हा आयुष्यात दारूला शिवणार नाही’ असं आश्वासनही मित्राने दिलेलं नाही. दारू सोडल्यानंतर पुन्हा घसरण का होते, याचा अभ्यास करणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लेट यांनी एक गोष्ट दाखवून दिली होती. पूर्ण बंदीचा निश्चय केलेल्या माणसाकडून एक घोट घेतला गेला, की ‘आता सगळंच संपलं’ या अपराधी भावनेतून तो पुढे पितच राहतो. चारशे लोकांसमोर मित्राने दिलेली आयुष्यभराची हमी ही भावना आणखी जड करते. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांमध्ये म्हणूनच फक्त आजच्या दिवसाचा हिशेब ठेवायला शिकवतात. भाषणातलं ‘रोज सकाळी उठून’ त्याच विचारातून आलं आहे. वैद्यकशास्त्राचा हिशेबही सावध आहे. व्यसनाची लक्षणं थांबून तीन महिने झाले, की सुधारणेचा सुरुवातीचा टप्पा मानला जातो आणि पूर्ण वर्ष झालं की टिकलेली सुधारणा मानली जाते. अधूनमधून ओढ लागणं या दोन्ही टप्प्यांत चालतं. सात महिन्यांचा नवरदेव अजून पहिल्याच टप्प्यात आहे.

पेल्यातला रस सगळ्यांसाठी एकच हवा. नवरदेवापुरता रस आणि बाकीच्यांच्या हातात दुसरं काही असेल, तर शुभेच्छा देताना तोच एकटा वेगळा पडतो.

यातला सगळ्यात मोठा धोका मात्र भाषणाच्या बाहेरचा आहे. ‘गंमत म्हणून’ कुणीतरी नवरदेवाच्या रसात थोडी दारू ओततो. त्याला कळणारही नाही, एवढ्याने काय होतं, असा समज असतो. डायसल्फिराम घेणाऱ्या माणसाला एवढ्याने बरंच काही होतं. शरीरात गेलेल्या दारूचं यकृतात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य बनतं आणि लगेच दुसऱ्या पायरीवर ते निरुपद्रवी होतं. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवतं. त्यामुळे विषारी द्रव्य रक्तात साठतं. साधारण दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात चेहरा आणि मान लालबुंद होते, छाती धडधडते, डोकं ठणकतं, घाम फुटतो आणि उलट्या होतात. रक्तदाब खूप उतरला किंवा हृदयावर ताण आला, तर जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही हा परिणाम सुमारे दोन आठवडे राहू शकतो. म्हणजे लग्नापुरती गोळी थांबवली तरी धोका टळत नाही.

आजूबाजूच्यांना हा प्रकार ‘चढली’ किंवा ‘दगदगीने पित्त झालं’ असा वाटतो. फरक ओळखायची खूण अशी, की एखाद्या घोटाने कुणाला चढत नाही आणि पित्ताने चेहरा असा अचानक लाल होत नाही. अशा वेळी माणसाला आडवं करावं, उलटी होत असेल तर कुशीवर वळवावं आणि तोंडावाटे काही देऊ नये. छातीत दुखणं, दम लागणं किंवा भोवळ येणं यांपैकी काहीही असेल, तर 108 वर फोन करून रुग्णालयात न्यावं. डॉक्टरांना गोळीचं नाव आणि शेवटची गोळी कधी घेतली ते सांगावं. ही माहिती मित्राला आधीच ठाऊक हवी, कारण त्या क्षणी नवरदेव बोलू शकेलच असं नाही.

म्हणून नवरदेवाचा पेला मित्रानेच भरावा, त्याच्याच हातात द्यावा, आणि मध्येच खाली ठेवलेला पेला पुन्हा न उचलता नवा भरावा. दगदगीत कुणी ताकदीसाठी आसव किंवा अरिष्ट आणून दिलं, तर तेही टाळावं. या औषधांत आंबवण्याच्या क्रियेतून तयार झालेलं अल्कोहोल असतं, आणि खोकल्याच्या काही औषधांतही ते असतं.

हाच नियम घरच्यांनाही लागू आहे. पिणाऱ्या माणसाला न सांगता त्याच्या भाजीत किंवा चहात डायसल्फिरामची गोळी मिसळण्याचे प्रकार होतात. हेतू चांगला असला, तरी तो माणूस नेहमीसारखा प्यायला की वर सांगितलेला त्रास त्याला पूर्ण जोरात होतो. ही गोळी रुग्णाच्या संमतीने, तपासण्या करून आणि शेवटच्या पेल्यानंतर किमान बारा तास गेल्यावरच सुरू करतात. नकळत दारू जाऊ नये, तशी गोळीही जाऊ नये.

भाषण संपलं, टाळ्या झाल्या, तरी मित्राचं काम संपत नाही. खरी परीक्षा वरातीत आणि त्यानंतरच्या रात्री असते. भूक, जागरण, थकवा आणि जुनी टोळी त्या वेळी एकत्र येतात. दारूची ओढ लाटेसारखी चढते आणि न पिता थांबलं तर बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरू लागते. तेवढा वेळ काढायला साध्या गोष्टी पुरतात. दोघांमध्ये एक खूण ठरलेली असावी. नवरदेवाने ती केली की मित्राने ‘काकांनी बोलावलंय’ म्हणत त्याला गर्दीतून बाहेर काढावं, पोटभर खायला द्यावं आणि समुपदेशकाला फोन लावून द्यावा. वरातीत हा मित्र स्वतःही न प्यालेला असला पाहिजे, एवढी एक अट त्याला पाळावी लागते.

रसाच्या पेल्याची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. जो नवरदेव अजून रोज भरपूर पितो, त्याच्यासाठी हा उपाय नाही. ‘लग्नापुरती बंद कर’ म्हणून घरचे दोन-तीन दिवस आधी त्याला कोंडून ठेवतात, तेव्हा ऐन हळदीत त्याचे हात थरथरू लागतात. रोजची दारू एकदम तुटल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवसानंतर भ्रम होऊ शकतो. त्याची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं देऊन सोडवावी लागते, आणि त्यासाठी लग्नाची तारीख पुढे गेली तरी चालते. पुण्याच्या ‘मुक्तांगण’सारख्या व्यसनमुक्ती केंद्रांत किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात हे उपचार मिळतात. व्यसनमुक्तीच्या मार्गदर्शनासाठी 14446 आणि मानसिक आरोग्यासाठी 14416 हे सरकारी दूरध्वनी क्रमांक आहेत. त्यातला पहिला मित्राने लग्नाच्या आधीच आपल्या मोबाइलमध्ये साठवून ठेवावा.