बॅलन्स्ड ॲडव्हान्टेज फंड: शेअर्स ६७ टक्के, जोखीम मात्र ४० टक्क्यांचीच, हे कसं?

बाजार महागला की बॅलन्स्ड ॲडव्हान्टेज फंड शेअर्समधली गुंतवणूक कमी करतात, असं आपण ऐकतो. पण फॅक्टशीट उघडली तर शेअर्स बहुतेक वेळा ६५ टक्क्यांच्या वरच दिसतात. मग कमी काय झालं?

मेख करात आहे. शेअर्स किती आणि रोखे किती, याचं बंधन सेबीने या फंडांवर घातलेलं नाही. पण देशी शेअर्सचं सरासरी प्रमाण ६५ टक्क्यांखाली गेलं, तर इक्विटी फंडाला मिळणारा कराचा फायदा जातो. म्हणून मॅनेजर शेअर्स ठेवतो आणि त्यांचे फ्युचर्स विकतो.

समजा, तुमच्या १०० रुपयांपैकी ६७ शेअर्समध्ये आहेत, ३३ रोख्यांत. पी/ई, पी/बी पाहून फंडाचं मॉडेल म्हणतं, 'शेअर्स ४० पुरे.' मॅनेजर २७ रुपयांचे फ्युचर्स विकतो. बाजार १० टक्के पडला, तर शेअर्सवर ६.७० रुपयांचा तोटा, फ्युचर्सवर २.७० रुपयांचा फायदा. निव्वळ तोटा ४ रुपये.

बाजार चढला तरी हिशेब हाच, कमाई ४० रुपयांवरच. महागलेला बाजार वर्षभर चढतच राहिला, की असे फंड मागे पडतात आणि गुंतवणूकदार वैतागतात.

त्यामुळे फॅक्टशीटमध्ये 'नेट इक्विटी'चा आकडा शोधा. मॉडेल कोणतं, तेही बघा. काही फंड किमतींऐवजी बाजाराचा कल पाहतात. ते चढत्या बाजारात शेअर्स उलट वाढवतात. नाव मात्र दोघांचं एकच!